बट कापायची नाही, मोजायची

फोटोतले भुरभुरते केस किंवा तरंगता धूर मूळ पार्श्वभूमीवरून उचलायचा, तर रंगांच्या चॅनलकडे जावं लागतं. का आणि कसं, याची ही उकल.

लग्नाच्या अल्बमचं पान असो, वाढदिवसाचा फ्लेक्स असो की दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, एका फोटोतली व्यक्ती उचलून दुसऱ्या पार्श्वभूमीवर ठेवली की पाहणाऱ्याची नजर आधी डोक्याच्या कडेवर जाते. खांदा, दंड, पदर यांच्या कडा ठीक जमलेल्या असतात. केसांपाशी मात्र काम उघडं पडतं. भुरभुरणाऱ्या बटा गायब होऊन टोप बसवल्यासारखी गुळगुळीत रेघ दिसते, नाही तर प्रत्येक बटेभोवती जुन्या पडद्याची पांढुरकी किनार राहते. धुराचं काम त्याहून अवघड, कारण त्याला ठाम कड अशी नसतेच.

हे हाताच्या कौशल्यापेक्षा मापामुळे होतं. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा उभा धरला तर फोटोच्या उंचीत ६००० पिक्सेल बसतात. कमरेपर्यंतच्या फोटोत साधारण ९० सेंटिमीटर उंचीचा भाग येतो असं धरू. ९०० मिलिमीटरला ६००० ने भागलं की एका पिक्सेलच्या वाट्याला ०.१५ मिलिमीटर येतात. डोक्यावरच्या केसाची जाडी साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते. म्हणजे एकटा सुटलेला केस ज्या पिक्सेलमधून जातो, त्याचा जेमतेम अर्धा भाग तो व्यापतो. उरलेल्या अर्ध्यात मागचा पडदा असतो. एका पिक्सेलमध्ये एकच रंग नोंदवता येतो, म्हणून कॅमेरा दोघांचं मिश्रण नोंदवतो. काळा केस आणि पांढरा पडदा यांचा मिळून एक राखाडी ठिपका उमटतो.

हा ठिपका ठेवायचा की काढायचा? लॅसो किंवा पेन टूल एवढाच प्रश्न विचारतं: आत की बाहेर? ठिपका आत घेतला तर त्याच्याबरोबर पडदा येतो, बाहेर टाकला तर केस जातो. त्याचं खरं उत्तर ‘अर्धा’ असं आहे. आणि हे उत्तर आपल्याला शोधावं लागत नाही, कारण ठिपका किती राखाडी आहे यातच ते लिहिलेलं असतं. चॅनलच्या पद्धतीचं सगळं मर्म इथे आहे. ती कड आखत नाही. फोटोत आधीच असलेली नोंद वाचते आणि तिचंच सिलेक्शन करते.

तीन कृष्णधवल फोटो

पडद्यावरचा प्रत्येक रंगीत फोटो हा खरं तर एकावर एक ठेवलेल्या तीन कृष्णधवल फोटोंचा असतो: लाल, हिरवा आणि निळा. या प्रत्येकाला चॅनल म्हणतात. कुठल्या ठिकाणी त्या रंगाचा प्रकाश किती, हे त्यात ० ते २५५ या आकड्यांत मांडलेलं असतं. ० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं. फोटोशॉपमध्ये `Channels` ही पट्टी उघडली की तिन्ही दिसतात. `Ctrl+3`, `Ctrl+4` आणि `Ctrl+5` दाबून एकेक पाहता येतो, `Ctrl+2` ने पुन्हा रंगीत फोटो येतो.

गंमत अशी, की सिलेक्शन हासुद्धा आतून एक कृष्णधवल फोटोच असतो. पांढरं म्हणजे पूर्ण निवडलेलं, काळं म्हणजे न निवडलेलं आणि मधले राखाडी म्हणजे थोडंफार निवडलेलं. प्रत्येक पिक्सेल किती व्यापलेला आहे हे सांगणारी चौथी संख्या रंगाच्या तीन संख्यांशेजारी कायमची ठेवायची, ही कल्पना एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी न्यू यॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९७७ च्या सुमारास मांडली. तिला अल्फा चॅनल म्हणतात. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली तिचं गणित शिस्तीत लिहून काढलं. आज आपण लेयर मास्क म्हणतो तो याच कल्पनेवर चालतो. रंगाचा चॅनल आणि सिलेक्शन हे दोन्ही एकाच जातीचे असल्यामुळे एकाचं दुसऱ्यात रूपांतर करता येतं, आणि आपल्याला नेमकं तेच करायचं आहे.

कोणता चॅनल घ्यायचा

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. एका मासिकाच्या मुखपृष्ठासाठी स्टुडिओत काढलेला फोटो आहे. मोकळ्या कुरळ्या केसांची तरुणी, अंगावर मरून रंगाची जरीची साडी, नाकात मोत्यांची नथ, केसांत एका बाजूला गजरा. मागे फिकट राखाडी पडदा. तिला संध्याकाळच्या गडद निळ्या आभाळापुढे उभं करायचं आहे.

आधी तिन्ही चॅनल एकेक करून पाहायचे. या वेळी फोटो सुंदर दिसतो की नाही याला महत्त्व नसतं. केसांची कड आणि पडदा यांच्यात कुठे सर्वांत जास्त अंतर आहे, एवढंच पाहायचं. `Info` पट्टी उघडी ठेवून कर्सर फिरवला की आकडे वाचता येतात. आपल्या फोटोत पडदा तिन्ही चॅनलमध्ये २१० च्या आसपास आहे, कारण राखाडी रंगात तिन्ही प्रकाश जवळजवळ सारखेच असतात. केसांचा दाट भाग तिन्हीकडे ४५ च्या खाली आहे. फरक पडतो तो कडेच्या बटांमध्ये. काळ्या केसांवर प्रकाश पडला की त्यांत तपकिरी छटा उमटते, आणि तपकिरीत लाल प्रकाश जास्त, निळा कमी असतो. त्यामुळे एकच बट लाल चॅनलमध्ये १५८, हिरव्यात १३६ आणि निळ्यात १२० भरते. निळ्यात ती पडद्यापासून सर्वांत दूर आहे.

चेहऱ्याचंही तसंच. गव्हाळ त्वचा लाल चॅनलमध्ये २०५ पर्यंत जाते, म्हणजे पडद्यात विरघळायच्या बेतात येते. निळ्यात ती ११८ वर राहते. जरीचं सोनं निळ्यात गडद दिसतं, कारण पिवळा रंग निळा प्रकाश फारसा परत पाठवत नाही. मरून साडी गडदच असते. म्हणून फिकट पडद्यापुढच्या माणसासाठी बहुतेक वेळा निळा चॅनल उपयोगी पडतो. साडी निळी असती तर ती याच चॅनलमध्ये उजळली असती आणि तिच्या कडेसाठी लाल चॅनल पाहावा लागला असता. नियम पाठ करण्यापेक्षा प्रत्येक फोटोत आकडे वाचणं बरं.

निळ्या चॅनलची एक खोड मात्र लक्षात ठेवावी लागते. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर साधारणपणे निम्मे बिंदू हिरव्या प्रकाशासाठी असतात, पाव लाल आणि पाव निळ्यासाठी. त्यामुळे निळ्यात दाणेदारपणा जास्त दिसतो. त्यात फोटो जेपीईजी असेल तर भर पडते. जेपीईजीमध्ये उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची राखली जाते, पण रंगाची माहिती अनेकदा चार पिक्सेल मिळून एकच ठेवतात. मोबाइलवरून फिरत फिरत आलेल्या फोटोचा निळा चॅनल १०० टक्के आकारात पाहिला तर बटांच्या जागी छोटे चौकोन दिसतात. असं झालं तर कॉन्ट्रास्ट थोडा कमी असला तरी हिरवा चॅनल घ्यावा. आपला फोटो रॉ फाइलमधून आलेला, स्वच्छ आहे, म्हणून निळाच घेऊ.

ताणायचं, पण तुटेपर्यंत नाही

मूळ निळ्या चॅनलला हात लावायचा नाही. त्यात बदल केला तर फोटोचा रंगच बदलेल. तो ओढून खालच्या नव्या चॅनलच्या चिन्हावर टाकला की `Blue copy` तयार होतो. पुढचं सगळं काम या प्रतीवर करायचं.

आत्ता या प्रतीत केस ४५ च्या खाली आणि पडदा १९५ ते २१० च्या दरम्यान आहे. आपल्याला केस पूर्ण काळे आणि पडदा पूर्ण पांढरा हवा आहे, आणि मधल्या छटा जशाच्या तशा क्रमाने हव्या आहेत. `Ctrl+L` दाबून `Levels` उघडायचं. डावीकडची काळी खूण ४५ वर आणायची, उजवीकडची पांढरी खूण १९५ वर. म्हणजे ४५ आणि त्याखालचं सगळं काळं झालं, १९५ आणि त्यावरचं सगळं पांढरं झालं आणि मधला पट्टा ० ते २५५ वर समान ताणला गेला.

आता त्या १२० च्या बटेचं काय झालं ते पाहू. पडदा आणि केस यांच्यातलं पूर्ण अंतर १९५ वजा ४५, म्हणजे १५०. बट पडद्यापासून १९५ वजा १२०, म्हणजे ७५ खाली आहे. ७५ भागिले १५०, उत्तर अर्धा. `Levels` ने तिला बरोबर मधल्या राखाडीवर नेऊन ठेवलं. सुरुवातीला आपण म्हटलं होतं की त्या पिक्सेलचं उत्तर ‘अर्धा’ आहे. दोन खुणा सरकवल्यावर ते हातात आलं. म्हणून या खुणांकडे कॉन्ट्रास्ट वाढवण्याचं साधन म्हणून पाहू नये. एक खूण सांगते ‘केस इतका गडद’, दुसरी सांगते ‘पडदा इतका उजळ’, आणि मधल्या प्रत्येक पिक्सेलचा वाटा आपोआप मोजला जातो.

सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. पडदा कुठे मळकट दिसतो म्हणून पांढरी खूण १४० पर्यंत ओढली जाते, केस भरीव दिसावेत म्हणून काळी खूण ११० वर नेली जाते. चॅनल दिसायला झकास होतो: शुभ्र पांढरा, ठार काळा. पण मधले राखाडी संपलेले असतात. १४० च्या वरच्या सगळ्या बारीक बटा पडद्यात गेल्या आणि उरलेल्यांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या झाल्या. हे ओळखायला सोपं आहे. चॅनल २०० टक्के मोठा करून एखादी लांब बट मुळापासून टोकापर्यंत पाहावी. ती मुळाशी काळी, मग हळूहळू फिकट होत टोकाला विरत गेली तर ताण बरोबर आहे. ती एकदम तुटली किंवा करवतीच्या दात्यांसारखी दिसली तर खुणा जास्त जवळ आल्या आहेत.

मधल्या खुणेलाही काम आहे. फाइलमधले आकडे खऱ्या प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, डोळ्याला सोयीचे होतील असे वळवलेले असतात. त्यामुळे अर्धा व्यापलेला पिक्सेल आकड्यांत थोडा उजळच दिसतो आणि नव्या गडद पार्श्वभूमीवर बटा मुळापेक्षा विरळ वाटू शकतात. तसं वाटलं तर मधली खूण थोडी उजवीकडे न्यायची. मधले राखाडी गडद होतात आणि बटांना अंग येतं. हे डोळ्याने ठरवायचं, आणि अगदी थोडंच.

पडद्यावर उजेड सारखा नसेल तर एका `Levels` मध्ये काम होत नाही. डाव्या बाजूला पडदा २१० आणि उजव्या कोपऱ्यात १७० असेल, तर १९५ वर ठेवलेली खूण उजवीकडचा पडदा राखाडी ठेवते. अशा वेळी उजव्या बाजूभोवती मऊ कडेचा लॅसो फिरवून तेवढ्याच भागाला वेगळं `Levels` द्यावं. दोन बाजूंना दोन मापं लावणं चालतं, कारण तिथे पडदाच वेगळा आहे.

आतला भाग हाताने, कडेला हात नाही

आता केसांच्या आत चमकणारे पट्टे राखाडी दिसतात, चेहरा राखाडी आहे, डोळ्यांचा पांढरा भाग, दात, नथीचे मोती आणि गजरा हे सगळं पांढरं आहे. चॅनलला यातलं काही माहीत नाही. त्याला फक्त उजेड कळतो, आणि गजऱ्याची फुलं तिन्ही चॅनलमध्ये पडद्याइतकीच उजळ असतात. म्हणून आतला भाग आपण भरायचा. चेहरा, मान आणि साडी यांवर साधा काळा ब्रश फिरवायचा, कडेपासून थोडं आत राहून. साडी आणि खांद्याच्या ठाम कडेसाठी पेन टूलने रेघ आखून आतला भाग काळा भरावा. तिथे ‘आत की बाहेर’ हाच प्रश्न योग्य असतो. गजऱ्याची कडही याच पद्धतीने, फूल फूल पाहून आखावी लागते. तिथे चॅनलची काहीच मदत होत नाही.

केसांतल्या चमकेसाठी ब्रशचा मोड `Overlay` करायचा, अपारदर्शकता २० टक्क्यांच्या आसपास. या मोडमध्ये काळा ब्रश गडद राखाडीला काळ्याकडे ढकलतो पण शुद्ध पांढऱ्याला हात लावत नाही. पांढरा ब्रश फिकट राखाडीला पांढऱ्याकडे नेतो पण शुद्ध काळ्याला सोडून देतो. त्यामुळे दाट केस भरताना पडदा खराब होत नाही आणि पडद्यावरचे डाग घालवताना दाट केस जात नाहीत. धोका आहे तो हवेत सुटलेल्या बटांना. त्या मधल्या राखाडीत असतात, म्हणून पांढरा ब्रश त्यांना पुसून टाकतो आणि काळा त्यांना जाड करतो. जिथे केस विरळ होतात तिथे ब्रश उचलायचा.

शेवटी `Ctrl+I` दाबून चॅनल उलटा करायचा. आता केस आणि माणूस पांढरा, पडदा काळा. `Ctrl` दाबून चॅनलच्या छोट्या चित्रावर क्लिक केलं की सिलेक्शन तयार होतं. `Ctrl+2` ने रंगीत फोटोवर परत यायचं, लेयरच्या पट्टीत जाऊन लेयर मास्क लावायचा. काहीही खोडलेलं नसतं. मास्क पुढे कधीही दुरुस्त करता येतो.

उरलेली किनार

मास्क लावून मागे गडद निळं आभाळ ठेवलं, तर बटांभोवती एक फिकट झाक दिसते. मास्क चुकला असं वाटतं, पण मास्क बरोबर असतो. अर्ध्या पिक्सेलचा हिशेब पुन्हा करून पाहू. दाट केस ४५, आभाळाचा निळा चॅनल ४० धरू. अर्धा केस आणि अर्धं आभाळ मिळून साधारण ४२ यायला हवं. पण त्या पिक्सेलचा रंग अजूनही १२० आहे, कारण त्यात जुना पडदा मिसळलेला आहे. १२० चा अर्धा ६०, आभाळाचे अर्धे २०, मिळून ८०. केस आणि आभाळ दोन्ही गडद असताना त्यांच्या मधली बट मात्र उजळ दिसते.

मास्क किती घ्यायचं ते सांगतो, कोणत्या रंगाचं घ्यायचं ते सांगत नाही. म्हणून रंग वेगळा दुरुस्त करावा लागतो. फोटोच्या लेयरवर एक रिकामा लेयर घेऊन `Alt+Ctrl+G` ने त्याला खालच्या लेयरला जोडायचं. म्हणजे त्यावर रंगवलेलं मास्कच्या आतच दिसतं. बटेच्या शेजारच्या दाट केसांतून रंग उचलून मोठ्या मऊ ब्रशने कडेकडेने फिरवायचा. बटांचा आकार मास्क राखतो, आपण फक्त पडद्याचा रंग काढून केसाचा रंग देतो. सगळीकडे एकच काळा लावला तर केस शाई ओतल्यासारखे सपाट होतात, म्हणून उजेडाच्या बाजूला थोडा तपकिरी आणि सावलीत गडद असे दोन-तीन रंग घ्यावेत. नवी पार्श्वभूमी फिकट असेल तर ही किनार फारशी दिसतच नाही.

तपासणीसाठी आभाळावर विसंबू नये. मागे एकदा पूर्ण काळा, एकदा पूर्ण पांढरा आणि एकदा भडक लाल रंग भरून पाहावा. काळ्यावर पडद्याची किनार दिसते, पांढऱ्यावर गळालेल्या बटा आणि मास्कमधले मळकट डाग दिसतात, लालावर चेहऱ्यात किंवा नथीत राहून गेलेली भोकं दिसतात.

धूर: चॅनलच मास्क

उदबत्तीचा धूर काळ्या कापडापुढे, बाजूने प्रकाश टाकून टिपला तर काम केसांपेक्षा सोपं होतं. काळ्या कापडाकडून जवळजवळ प्रकाशच येत नाही. त्यामुळे फोटोत जेवढा उजेड तेवढा धूर, असा थेट हिशेब असतो. पिक्सेल ६० असेल तर धूर विरळ, १८० असेल तर दाट. चॅनल उलटा करायचीही गरज नाही, तो जवळजवळ तयार मास्क असतो.

ताज्या धुराचे कण इतके बारीक असतात की ते निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून काळ्यापुढे उदबत्तीचा धूर निळसर दिसतो. साहजिकच निळ्या चॅनलमध्ये तो सर्वांत भरलेला मिळतो आणि लालमध्ये सर्वांत विरळ. निळ्याची प्रत घ्यावी. कापड १० ते १२ वर असेल तर `Levels` ची काळी खूण १४ च्या आसपास ठेवावी, म्हणजे कापडाचा पोत जातो. पांढरी खूण दाट धुराच्या किंचित वर राहू द्यावी. धूर कुठेही पूर्ण पांढरा होता कामा नये, तो झाला की तिथे भिंत उभी राहिल्यासारखं दिसतं.

प्रत `Ctrl` क्लिक केली की अनेक जण चकतात, कारण सिलेक्शनची हलती रेघ फक्त दाट धुराभोवती दिसते. पातळ वळणं सुटली असं वाटतं. ती सुटलेली नसतात. ही रेघ ५० टक्क्यांहून जास्त निवडलेल्या पिक्सेलभोवतीच काढली जाते. त्याखालचेही निवडलेले असतात, नुसते दाखवले जात नाहीत. सगळाच धूर विरळ असेल तर फोटोशॉप तशी सूचना देतं आणि रेघ अजिबात दिसत नाही. तरी काम पुढे न्यायचं.

पुढची चूक जास्त महागात पडते. हे सिलेक्शन मूळ धुराच्या लेयरलाच मास्क म्हणून लावलं तर धूर काळवंडतो. अर्ध्या दाट जागी लेयरचा रंग आधीच अर्धा उजळ आहे, मास्क त्याला पुन्हा अर्धा करतो, आणि अर्ध्याचा अर्धा म्हणजे पाव उरतो. विरळ भाग तर जवळपास नाहीसाच होतो. त्या लेयरमधला अंधार हा कापडाचा आहे, धुराचा नाही, आणि आपण तोच सोबत घेतलेला असतो. म्हणून मूळ लेयर बंद करून एक नवा, पूर्ण पांढऱ्या किंवा किंचित निळसर रंगाचा लेयर घ्यायचा आणि हा मास्क त्याला लावायचा. रंग लेयरमधून येतो, आकार आणि विरळपणा मास्कमधून. आता धूर कुठल्याही गडद चित्रावर ठेवला तरी मागचं दृश्य त्यातून खऱ्यासारखं झिरपतं. पार्श्वभूमी फिकट असेल तर पांढरा धूर दिसणार नाही. तिथे लेयरचा रंग राखाडी करावा, कारण उजळ आभाळापुढे खरा धूरही गडदच दिसतो.

धुराची मर्यादा वेगळ्या ठिकाणी आहे. त्याचा सर्वांत सुंदर भाग १५ ते ४५ अशा अंधाऱ्या पट्ट्यात असतो, आणि ८ बिटच्या फाइलमध्ये त्या पट्ट्यात जेमतेम तीस पायऱ्या असतात. त्या ताणल्या की पायऱ्यांमधल्या फटी दिसू लागतात, मऊ धुरावर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे पट्टे उमटतात. फोटो रॉमध्ये काढून १६ बिटमध्ये उघडला तर हे टळतं. ८ बिटचं जेपीईजी नंतर १६ बिट करून उपयोग नसतो. ज्या पायऱ्या नोंदवल्याच गेल्या नाहीत त्या परत येत नाहीत.

काम कुठे थांबतं

ही पद्धत एकाच गोष्टीवर उभी आहे: वस्तू आणि पार्श्वभूमी यांच्यात निदान एका चॅनलमध्ये तरी उजेडाचं स्पष्ट अंतर हवं. मागे झाडं, रस्ता, मंडपाच्या माळा असतील तर १२० चा पिक्सेल अर्धा केस आहे की अख्खं पान, हे चॅनलला सांगता येत नाही. काळे केस आणि गडद पडदा असेल तर मोजण्यासारखं अंतरच उरत नाही. तिथे विरळ बटा हाताने, एकेक करून नव्याने काढाव्या लागतात.

म्हणून यातलं खरं काम फोटो काढतानाच होऊन जातं. काळ्या केसांसाठी फिकट, रंगहीन राखाडी पडदा निवडावा, कारण रंगीत पडद्याची झाक बटांवर चढते. व्यक्तीला पडद्यापासून दीड-दोन मीटर पुढे उभं करावं, म्हणजे पडद्यावरून परतलेला उजेड केसांच्या कडेला लागत नाही. पडद्यावर दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश द्यावा. आणि पडदा २५५ पर्यंत जाळू नये. पूर्ण पांढरा पडदा कामाला सोपा वाटतो, पण त्याचा उजेड भिंगात पसरून शेजारच्या बारीक बटा खाऊन टाकतो, आणि जी बट कॅमेऱ्याने नोंदवलीच नाही ती कुठल्याही चॅनलमध्ये सापडत नाही. पडदा २१० ते २३० च्या दरम्यान ठेवला तर प्रत्येक बटेचा वाटा फाइलमध्ये शाबूत राहतो. मग टेबलावर बसल्यावर दोन खुणा योग्य आकड्यांवर ठेवणं, एवढंच मुख्य काम उरतं.